गरम धूर आत घेतल्यावर ज्वाला थंड कशी? ईजीआरचा हिशेब

प्रश्न: माझी 2.0 लिटरची डिझेल गाडी आहे, बीएस4. अंधेरी ते ठाणे रोजचं जाणं-येणं. पिकअप पडलाय आणि मध्येच काळा धूर मारते. गॅरेजवाला म्हणतो ईजीआर जॅम आहे, पत्रा टाकून कायमचा बंद करून देतो. मला मुळातच एक कळत नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर परत इंजिनात घातला तर आतलं तापमान वाढायला हवं ना? कमी कसं होतं?

तुमची शंका अर्धी बरोबर आहे. ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, धुराचा काही भाग एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. तो व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमध्ये शिरणारा वायू खरंच जास्त गरम होतो, यात वाद नाही. कमी होतं ते ज्वालेचं तापमान, म्हणजे डिझेलचा फवारा पेट घेतो त्या जागेचं, पेटतानाचं. ही दोन तापमानं वेगवेगळी आहेत आणि सगळा गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. आत शिरताना 20 अंशांचं नुकसान झालं आणि ज्वालेत दीडशे-दोनशे अंशांचा फायदा झाला, तर सौदा फायद्याचाच.

हा फायदा येतो कुठून ते आधी बघू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते. इंजिनात एकूण हवा याहून बरीच जास्त असते, पण डिझेलची ज्वाला सगळ्या सिलिंडरभर पसरून जळत नाही. फवाऱ्याच्या कडेला, जिथे इंधन आणि ऑक्सिजन योग्य प्रमाणात भेटतात, त्या पातळ पट्ट्यात ती जळते. त्यामुळे ज्वालेच्या दृष्टीने हिशेब एवढाच की एक किलो इंधनाला पुरेल इतका ऑक्सिजन गोळा करायचा. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असताना त्यासाठी 14.5 किलो हवा ओढली की भागतं. इंधनासकट 15.5 किलो माल तापवायचा असतो.

आता ईजीआर उघडा आहे आणि आत जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन 21 ऐवजी 18 टक्के उरलाय असं धरा. इंधन तेवढंच, त्याला लागणारा ऑक्सिजनही तेवढाच. पण तो गोळा करायला ज्वालेला आता 14.5 किलोऐवजी जवळपास 17 किलो वायू ओढावा लागतो. त्या जादा अडीच किलोत जळण्यासारखं काही नाही. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. हे फुकटचे प्रवासी ज्वालेत येतात, उष्णता घेतात आणि पुढे जातात. तोच गॅस, तीच आच, पण पातेल्यात सहा तांब्यांऐवजी सात तांबे पाणी, असा हा प्रकार आहे.

आकडे घालून बघू. एक किलो डिझेल जळून साधारण 42.5 मेगाज्यूल उष्णता निघते. या तापमानाला वायूची उष्णताधारकता किलोमागे अंशाला 1.4 किलोज्यूलच्या आसपास धरू. 15.5 किलो मालात ही उष्णता वाटली तर तापमान सुमारे 1960 अंशांनी चढतं. 18 किलोत वाटली तर सुमारे 1690 अंशांनी. फरक 270 अंशांचा. प्रत्यक्षात तो याहून कमी भरतो, कारण इतक्या तापमानाला कार्बन डायऑक्साइड आणि वाफेचे रेणू थोडे फुटतात, फुटताना उष्णता खातात, आणि जितकी ज्वाला जास्त गरम तितकं हे फुटणंही जास्त. म्हणजे ईजीआर नसतानाही सर्वांत गरम टोक थोडं आपोआप कापलं जातं. म्हणून मी वर दीडशे-दोनशे म्हटलं.

इथे एक नेहमीचं स्पष्टीकरण खोडून काढायला हवं, कारण कॉलेजच्या नोट्सपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे तेच ऐकू येतं: कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त उष्णता शोषतात म्हणून ज्वाला थंड होते. चूक नाही, पण डिझेलमध्ये तो मुख्य मुद्दा नव्हे. मध्यम लोडला डिझेलच्या धुरात हे दोन्ही वायू प्रत्येकी 8 टक्क्यांच्या आसपास असतात. असा धूर आत 25 टक्के घातला तर सिलिंडरमध्ये ते जेमतेम 2-2 टक्के होतात. एवढ्याने सगळ्या मिश्रणाची उष्णताधारकता वाढते फक्त 2 टक्क्यांच्या घरात. उलट ऑक्सिजन पातळ झाल्यामुळे ज्वालेला ओढावा लागणारा वायू 16-17 टक्क्यांनी वाढला. खरं काम ऑक्सिजन विरळ होण्याने केलं. वायूची जात बदलल्याचा वाटा त्यापुढे किरकोळ आहे.

मग दीडशे-दोनशे अंशांसाठी एवढा खटाटोप कशाला? नॉक्ससाठी, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी. हवेतला नायट्रोजन एरवी सुस्त असतो. त्याच्या रेणूतला बंध इतका पक्का की साध्या आगीला तो दाद देत नाही. पण ज्वाला खूप गरम झाली की ऑक्सिजनचे सुटे अणू तयार होतात आणि ते नायट्रोजनचा रेणू फोडतात. ही पायरी तापमानाला विलक्षण हळवी आहे. 2600 केल्विनवरून तापमान 2500 वर आणलं, म्हणजे फक्त 4 टक्क्यांनी, तर नायट्रिक ऑक्साइड बनण्याचा सुरुवातीचा वेग साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. वर ऑक्सिजनही कमी मिळाल्याने तो आणखी थोडा घटतो. थोडक्या अंशांत इतका मोठा फरक पडतो म्हणूनच ही युक्ती परवडते.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, म्हणजे आत येणाऱ्या गरमीकडे. समजा टर्बो आणि इंटरकुलरमधून येणारी हवा 50 अंशांची आहे आणि तिच्यात 25 टक्के धूर मिसळायचा आहे. धूर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून 350 अंशांचा घेतला तर मिश्रण होतं 125 अंशांचं, म्हणजे 75 अंश जादा. पिस्टन वर येताना वायू दाबला जातो आणि हा फरक अडीच पटीहून जास्त फुगतो. इंधन सुटतं त्या क्षणी मिश्रण जवळजवळ 195 अंश जास्त गरम असतं. ज्वालेत हे सगळेच्या सगळे अंश उतरत नाहीत, पण आपण कमावलेल्या फायद्याचा मोठा हिस्सा ते खाऊन टाकतात. इथपर्यंत तुमचं म्हणणं अगदी खरं आहे.

म्हणून वाटेत ईजीआर कूलर बसवतात. इंजिनचंच कूलंट त्याच्यातून फिरतं आणि धूर 120 अंशांपर्यंत उतरतो. मग मिश्रण 67-68 अंशांचं, म्हणजे 18 अंशच जादा. दाबल्यावर ते 45-50 अंश होतात. एवढं सोसून फायदा हातात राहतो. शिवाय थंड धूर जागा कमी व्यापतो, त्यामुळे ताज्या हवेलाही जास्त जागा मिळते. गाडीत ईजीआर कूलर दिसला की समजायचं, तुम्हाला पडलेला प्रश्न इंजिन बनवणाऱ्यालाही पडला होता.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण पुढे तुमच्या गाडीसाठी तो लागणार आहे. मी वर 25 टक्के ईजीआरने ऑक्सिजन 18 टक्क्यांवर येतो असं धरलं. ते मध्यम लोडला, जेव्हा धुरात 9 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. आयडलला डिझेल इंजिन हवा भरपूर घेतं आणि इंधन चिमूटभर, त्यामुळे धुरातच 16-17 टक्के ऑक्सिजन असतो. असा धूर 25 टक्के घातला तरी आतला ऑक्सिजन 20 च्या आसपासच राहतो, परिणाम नगण्य. म्हणून आयडलला आणि हळू चालताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह मोठा उघडतो, कधी 40-50 टक्क्यांपर्यंत. उलट पूर्ण ॲक्सिलरेटरला धुरात ऑक्सिजन जेमतेम उरतो; तेव्हा थोडाही धूर आत गेला तर इंधनाला ऑक्सिजन पुरत नाही आणि काजळी ओकली जाते. म्हणून त्या वेळी व्हॉल्व्ह बंद करतात. नॉक्स कमी करायला गेलं की काजळी वाढते, ही या यंत्रणेची कायमची ओढाताण आहे, आणि व्हॉल्व्हचं प्रत्येक उघडणं-मिटणं त्या दोघांमधली तडजोड असते.

याच कारणाने मुंबईच्या गाड्यांत ईजीआर लवकर भरतो. वेस्टर्न एक्स्प्रेसवर किंवा घोडबंदर रोडला तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारं इंजिन नेमकं अशा अवस्थेत असतं जिथे व्हॉल्व्ह सताड उघडा राहतो. धूर पुरेसा गरम नसतो, काजळी ओलसर असते, आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ तिला चिकटवते. हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये काळा, डांबरासारखा लगदा बसतो. हीच गाडी रोज पुण्याला एक्स्प्रेसवेने गेली असती तर तिचा व्हॉल्व्ह बऱ्यापैकी कोरडा राहिला असता.

जाता जाता एक गंमत. पावसाळ्यात मुंबईची हवा स्वतःच थोडा ईजीआर करते. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली की हवेत साडेतीन टक्के जागा वाफेने व्यापलेली असते आणि ऑक्सिजन 20.9 वरून 20.2 टक्क्यांपर्यंत येतो. ज्वाला तेवढी मंदावते, नॉक्स घटतो. म्हणूनच प्रयोगशाळेत नॉक्स मोजताना त्या दिवसाच्या आर्द्रतेप्रमाणे आकडा दुरुस्त करावा लागतो, नाहीतर जुलैत मोजलेलं इंजिन मार्चमधल्यापेक्षा साफ दिसायचं.

आता पत्रा. पत्रा टाकल्यावर पिकअप सुधारेल, धूर कमी होईल, आणि पीयूसीलाही गाडी आधीपेक्षा छान पास होईल. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच गॅरेजवाल्यांचा तो लाडका उपाय आहे. पण डिझेलच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स त्या यंत्राला दिसत नाही, आणि डोळ्यांनाही दिसत नाही. बीएस4 मध्ये डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅम आहे, 2020 पासूनच्या बीएस6 मध्ये 0.08. ईजीआर बंद केलेली गाडी या मर्यादेच्या बाहेर जाते आणि कागदावर मात्र साफ राहते. शिवाय बहुतेक गाड्यांत ईसीयू गप्प बसत नाही. ठरलेला प्रवाह मिळाला नाही की P0401 कोड टाकतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो, काही गाड्या पॉवर कापतात. मग सॉफ्टवेअरमधून कोडच पुसून टाकायचा, हा पुढचा खर्च. माझ्याकडे पत्र्यासाठी येणाऱ्याला मी नाहीच म्हणतो, आणि त्याचं मोठं कारण असं की दहापैकी बऱ्याच गाड्यांत ईजीआर खरंच जॅम आहे का हे कुणी तपासलेलंच नसतं.

ते तपासायला स्कॅनर आणि दहा मिनिटं पुरतात. डिझेलचा ईसीयू ईजीआरचा अंदाज एअर मास सेन्सरवरून घेतो: सिलिंडरमध्ये धूर जितका शिरतो तितकी ताजी हवा कमी शिरते. आपणही तेच करायचं. 2.0 लिटर, चार सिलिंडर, म्हणजे तुमच्या इंजिनचा एक सिलिंडर 500 सीसीचा. 40 अंशांच्या हवेचं वजन लिटरला 1.13 ग्रॅम, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर 565 मिलिग्रॅम हवा. प्रत्यक्षात 85 टक्के भरतो असं धरलं तर 480. ईजीआर पूर्ण बंद असताना गरम इंजिन आयडलला ठेवलं की स्कॅनरवर दर स्ट्रोकला 480 मिलिग्रॅमच्या आसपास आकडा दिसायला हवा. तुमच्या स्कॅनरवर ग्रॅम प्रति सेकंद येत असेल तर 800 आरपीएमला तो 12.8 च्या जवळ असेल.

तुमच्यासारखीच 2.0 लिटरची एक टुरिस्ट गाडी आली होती, तक्रार हीच. स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टमधून व्हॉल्व्ह उघडायची आज्ञा दिली तेव्हा हवा 290 मिलिग्रॅम. ठीक, म्हणजे 40 टक्के धूर आत जातोय. मग बंदची आज्ञा दिली. आकडा 480 वर जायला हवा होता, तो 340 वर अडकला. ईसीयू म्हणतोय बंद, हवा सांगतेय अजून तीस टक्के धूर आत येतोय. व्हॉल्व्ह काढला तर काजळीची एक खपली सीटवर बसली होती आणि झडप तिच्यावर टेकून किंचित उघडी राहत होती. गाडी मरायचं कारण नुसता कमी ऑक्सिजन नव्हता. या गाडीत ईजीआरचा धूर टर्बोच्या आधी काढला जातो, त्यामुळे झडप मिटत नसेल तर टर्बाइनला फिरवणारा वायूच आडवाटेने निघून जातो. टर्बो उशिरा उठतो, ईसीयूला हवा कमी दिसते म्हणून तो इंधन आखडतो, आणि हात वर केल्यासारखी गाडी बसते. व्हॉल्व्ह आणि त्याच्या मागची मॅनिफोल्डची नळी साफ केली, व्हॉल्व्हचं शून्य पुन्हा शिकवलं, बंद स्थितीत आकडा 475 आला. नवा पार्ट लागला नाही.

फसगत होते ती एअर मास सेन्सर मळलेला असताना. तेव्हाही आकडे कमी येतात, पण दोन्ही स्थितींत सारख्याच प्रमाणात: बंदला 400, उघड्याला 240 असं काहीसं. व्हॉल्व्ह अडकला असेल तर दोन आकड्यांमधलं अंतरच आक्रसतं. आणि दोन्ही वेळा आकडा 480 च राहिला तर व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकलाय किंवा नळी चोंदली आहे. अशा गाडीला धूर आणि पिकअपची तक्रार नसते, तिचं कारण दुसरीकडे शोधायचं. ही टेस्ट ॲक्च्युएटर मोडमध्येच करा. नुसतं आयडलवर ठेवून बघत बसलात तर बऱ्याच गाड्यांत काही मिनिटांनी ईसीयू आपणहून ईजीआर बंद करतो आणि आकडा उगाच बरा दिसतो.

साफ करताना मोटरचा भाग खाली धरू नका, क्लीनर आत झिरपून व्हॉल्व्हचा पोझिशन सेन्सर जातो. झडपेच्या सीटवर स्क्रू ड्रायव्हर चालवू नका, ओरखडा पडला की ती पुन्हा कधी नीट मिटत नाही. गॅस्केट नवीच घाला. आणि व्हॉल्व्ह काढलाच आहे तर कूलरच्या तोंडात बोट फिरवून बघा. तिथली काजळी कोरडी असायला हवी. ओली आणि गोडसर वासाची असेल, आणि कूलंटची टाकी बाहेर गळती न दिसता उतरत असेल, तर कूलर आतून फुटलाय. ते पाणी धुरासोबत सिलिंडरकडे जातं आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह साफ करून उपयोग नाही, कूलर आधी बदलायचा.

तुमच्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: उघडा आणि बंद, दोन्ही स्थितींत हवेचा आकडा किती आला?